आधी कसोटी, मग पेटी

विज्ञान-प्रदर्शनांत हमखास आढळणारा एक प्रकल्प म्हणजे कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी. थर्माकोलचा किंवा लाकडी खोका, आत विजेचा दिवा, एक लहान पंखा, उष्णतामान मोजणारा संवेदक आणि दिवा लावणारा-मालविणारा रिले, एवढेच तिचे साहित्य. सोबतच्या वहीत उद्देश लिहिलेला असतो : 'पेटीतील उष्णतामान योग्य व स्थिर राखणे.' परीक्षक पेटीपुढे उभे राहतात. आकडा ३७.५ दाखवीत असतो, दिवा लागतो, मालवतो, आणि गुण दिले जातात. माझे मत असे की, येथे परीक्षा झालेलीच नाही. 'योग्य' व 'स्थिर' ही दोन विशेषणे आहेत. पेटी नापास केव्हा समजावी हे वहीत कोठेच लिहिलेले नाही, त्यामुळे ती पास झाली या म्हणण्यालाही अर्थ उरत नाही. भाषांतराच्या व्यवसायात विशेषणांशी माझा नित्याचा संबंध येतो आणि मला ती प्रियही आहेत. परंतु यंत्राच्या विनिर्देशात, म्हणजे यंत्राने काय करून दाखवावयाचे याच्या लेखी वर्णनात, एकही विशेषण खपवून घेऊ नये.

विशेषणाच्या जागी आकडा घालावयाचा, तर तो कोठून आणावा? तो अंड्याकडून आणावा. पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्यास सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णतामान लागते आणि पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येते. कोंबडी चारा टिपण्यासाठी घरट्यावरून उठते, तेव्हा अंडी काही वेळ थंड होतात. तेवढे गर्भ सोसतो. अधिक उष्णता मात्र तो फार कमी सोसतो. म्हणून खालच्या बाजूस व वरच्या बाजूस सारखीच मोकळीक देणे हे आळसाचे लक्षण होय. आपला विनिर्देश असा लिहू : खोलीचे उष्णतामान २० ते ३२ अंश असताना, अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर पेटीत कोठेही, सलग २४ तास, हवा ३७.० ते ३८.० अंशांच्या दरम्यान राहील. आणि झाकण अर्धा मिनिट उघडून पुन्हा लावल्यावर ती काही काळ ३७ च्या खाली गेली तरी चालेल, परंतु १५ मिनिटांत मर्यादेत परत येईल आणि ३८.५ च्या वर कधीही जाणार नाही.

यातील खोलीचा उल्लेख पुष्कळांना फाजील वाटेल. पण या पेटीत तापविण्याची सोय आहे, थंड करण्याची नाही. मे महिन्यात नागपुरास किंवा जयपुरास खोलीच ४० अंशांवर गेली, तर दिवा कायमचा मालवूनही पेटी ३८ वर येणार नाही. तो दोष पेटीचा नव्हे. जे तिच्याकडून कबूल करून घेतलेले नाही त्यासाठी तिला नापास करता येत नाही. वीज गेल्यास काय, आर्द्रता किती, अंडी फिरविण्याचे काय, याविषयीही हाच नियम : लिहिले असेल तर तपासावे, नसेल तर गुणही देऊ नयेत आणि कापूही नयेत.

आता कसोटीची योजना. खरी अडचण येथे सुरू होते, आणि म्हणूनच ती पेटीला पहिला खिळा ठोकण्यापूर्वी लिहावयाची. विद्यार्थी बहुधा जो संवेदक वापरतात, त्या डीएस१८बी२० या जातीची अचूकता निर्मात्याने अधिक-उणे अर्धा अंश अशी दिलेली आहे. तो पडद्यावर ३७.५६ असा आकडा दाखवितो खरा, पण दशांशस्थळे अधिक असणे आणि आकडा खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत. आपली एकूण मुभाच अर्ध्या अंशाची असताना, अर्ध्या अंशाने चुकू शकणाऱ्या मापकाने निर्णय कसा द्यावा? शिवाय पेटी चालविणारा संवेदक आणि पेटी तपासणारा संवेदक एकच असेल, तर त्याची चूक कधीच उघडकीस येणार नाही. तो अर्ध्या अंशाने चुकत असेल, तर पेटीही तेवढीच चुकेल आणि पडदा मात्र निश्चिंतपणे ३७.५ दाखवीत राहील.

यावर उपाय घरातच आहे. ताप पाहण्याचा चांगला थर्मामीटर शरीराच्या उष्णतामानाच्या टापूत साधारणपणे ०.१ अंशापर्यंत विश्वसनीय असतो. थर्मासमध्ये ३७-३८ अंशांचे कोमट पाणी घ्यावे, ते ढवळीत थर्मामीटरचे टोक व कसोटीचे पाचही संवेदक शेजारी-शेजारी बुडवावेत, आणि प्रत्येक संवेदक किती कमी वा अधिक दाखवितो हे टिपून ठेवावे. तेवढी दुरुस्ती केल्यावरही ०.२ अंशाची शंका उरते असे धरू. ही शंका कोणाच्या खात्यात घालावयाची? माझ्या मते ती करणाऱ्याच्या खात्यात घालावी. म्हणजे कसोटीतील वाचन ३७.२ ते ३७.८ च्या आत असेल तरच पास. मग आपण ३७.० ते ३८.० चे वचन पाळले असे निश्चित सांगता येते.

चार कोपऱ्यांत चार व मध्यभागी एक असे संवेदक ठेवावेत. पेटीत अंड्यांऐवजी पाण्याने भरलेल्या लहान बाटल्या ठेवाव्यात, कारण रिकाम्या पेटीचे वागणे भरलेल्या पेटीसारखे नसते. ही परीक्षा खोली २० अंशांच्या जवळ असताना एकदा आणि ३२ च्या जवळ असताना एकदा, अशी दोनदा घ्यावी. पेटी सहा तास तापल्यानंतर दर मिनिटास नोंद घ्यावी. दर अर्ध्या तासाने घेतलेली नोंद येथे निरुपयोगी, कारण दिवा काही मिनिटांतच लागतो-मालवतो आणि मधले चढउतार निसटतात. एका परीक्षेच्या २४ तासांत पाच ठिकाणांची मिळून ७२०० वाचने होतील. त्यांची सरासरी काढू नये. एका कोपऱ्यात ३६.५ आणि दुसऱ्यात ३८.५ असले तरी सरासरी सुरेख ३७.५ येते, आणि अंडी सरासरीत बसत नाहीत. सर्वांत मोठे व सर्वांत लहान वाचन पाहावे. एकही मर्यादेबाहेर असेल, तर नापास.

काही शिक्षक म्हणतात, इतका खटाटोप कशाला? अंडी ठेवा, पिल्ले निघाली की परीक्षा झाली. प्रदर्शनात पिलाची चिवचिव मोठी परिणामकारक असते हे मान्य. पण ती पेटीची कसोटी नव्हे. अंडे फलित आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, उत्तम पेटीतूनही अफलित अंड्यांचे काहीच निघणार नाही, आणि सुमार पेटीतूनही चार पिल्ले निघू शकतात. पिल्ले न निघाल्यास दोष कशाचा हे २१ दिवसांनीही सांगता येत नाही. तापलेल्या पेटीत गर्भ मरतात, हेही विसरू नये. आधी बाटल्यांवर पास झाल्याशिवाय पेटीत जिवंत अंडे ठेवूच नये.

समजा, २० अंशांच्या खोलीत पंख्यापासून दूरच्या कोपऱ्यात ३६.६ असे वाचन आले. पेटी नापास. याच क्षणी मोह होतो तो वहीतील ३७.० खोडून ३६.५ करण्याचा, आणि तो टाळण्यासाठीच त्या पानावर पेटी बांधण्यापूर्वीची तारीख व शिक्षकांची सही हवी. विनिर्देश बदलता येतो. 'खोली २० ऐवजी २५ अंशांपासून' असे लिहिता येते, परंतु नव्या पानावर, नव्या तारखेने, कारण देऊन, आणि नव्याने २४ तासांची परीक्षा देऊन. जुने पान फाडावयाचे नाही. किंवा पंख्याची जागा बदलावी, बाटल्यांमधून वारा जाईल अशी वाट ठेवावी आणि पाचही संवेदक पुन्हा लावावेत. कोणता कोपरा, किती अंशांनी आणि किती वाजता उणा पडला हे नोंदवहीत असल्यामुळे, या वेळी कोठे हात घालावयाचा हे विद्यार्थ्यास ठाऊक असते.