पाच टक्के व्याज आणि बाराशे रुपयांची तूट

घरातल्या पहिल्या पदवीधराला सगळे विचारतात, साठवलेले पैसे कुठे ठेवू? आपलं उत्तर ठरलेलं असतं: एफडी करा, सुरक्षित आहे. पण २०२०-२१ चा हिशोब मांडून बघा.

त्या वर्षी स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या एफडीवर साधारण ५ टक्के व्याज होतं. लाखाचे वर्षाने १,०५,००० झाले. मात्र त्याच वर्षी देशातली सरासरी महागाई ६.२ टक्के होती. म्हणजे लाखात येणारा किराणा, औषधं, भाडं यांना आता १,०६,२०० लागत होते. पासबुकात पाच हजार वाढले, पण खरेदीला बाराशे कमी पडले. जाहीर व्याजदरातून महागाई वजा केली की उरतो तो वास्तव व्याजदर. इथे तो उणे १.२ टक्के होता.

पैसे ठेवताना पुढची महागाई कुणालाच माहीत नसते, म्हणून वजाबाकी अपेक्षित महागाईची करावी लागते. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के आहे. त्यावर विसंबलेल्याला एक टक्का नफा दिसत होता. शिवाय ही सरासरी आपल्या घराची नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये खाद्यपदार्थांची महागाई ११ टक्के होती, आणि ज्या घराची निम्म्याहून जास्त कमाई जेवणावर जाते त्याची तूट बाराशेहून मोठी असते.

बचत करणाऱ्याचं हे नुकसान कर्जदाराच्या पथ्यावर पडतं, असं पुस्तकात असतं. ते सगळ्यांना लागू नाही. त्या वर्षी पगाराची स्लिप आणि तारण असलेल्याला ७ टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळत होतं. महागाई वजा जाता त्याला ते जेमतेम एका टक्क्याला पडलं. वस्तीतल्या बाईला गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज २४ टक्क्यांनी मिळालं असेल, तर तिला ते जवळपास १८ टक्क्यांना पडलं. तेही तिची मजुरी महागाईइतकी वाढली असं धरून. मजुरी जागच्या जागी राहिली, तर तिच्या कमाईच्या मानाने पूर्ण २४. जमीन, तारण, कायम नोकरी कुणाकडे आहे हे आपल्याकडे जातीने ठरत आलंय, त्यामुळे महागाईचा फायदा कुणाला हेही बरंचसं तिथेच ठरतं.

बाबासाहेबांनी १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता: रुपयाची किंमत पाडली की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि उद्योजकाला होणारा फायदा मजुराच्या खिशातून जातो.

महागाई उतरली की चित्र उलटतं, पण सगळ्यांसाठी सारखं नाही. जुलै २०२५ मध्ये ती २ टक्क्यांच्या खाली होती. त्याआधी जूनपर्यंत रेपो दर ६.५ वरून ५.५ वर आला होता, म्हणून रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचे दरही उतरले. गटाच्या कर्जाचा दर मात्र सहसा मुदतभर ठरलेला असतो. हप्ता तोच राहिला आणि २४ टक्क्यांचं कर्ज आता २२ टक्क्यांना पडू लागलं.