वाट पाहणारे शेत

मोठा झालेला मुलगा आईला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ सुचवणारे पत्र लिहितो, तेव्हा त्यात दोन वाक्ये हमखास येतात: ‘खेळ अगदी संथ आहे’ आणि ‘तुझा वेळ छान जाईल’. यातले पहिले वाक्य जसेच्या तसे खरे नाही. दुसरे लिहूच नये, कारण आईचा वेळ म्हणजे कशाने तरी भरून काढायची रिकामी जागा, असे त्यात गृहीत धरलेले असते. तरीही असे पत्र लिहिणे योग्य आहे, आणि हा खेळ अनेक आयांना मानवेल. मात्र त्याची कारणे वेगळी आहेत.

हा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून केला. चित्रे, संगीत, संवाद, संगणकाची आज्ञावली, सगळे त्याचेच. 26 फेब्रुवारी 2016 रोजी तो संगणकासाठी आला आणि पुढे मोबाइलवरही मिळू लागला. खेळाची सुरुवातच एका पत्राने होते. अंथरुणाला खिळलेले आजोबा नातवंडाच्या हाती एक बंद पाकीट देतात आणि आयुष्याचा कंटाळा येईल तेव्हाच ते उघड, असे सांगतात. पुढे कंपनीच्या नोकरीत पिचलेले ते नातवंड पाकीट उघडते आणि आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जाते.

आता संथपणाचे. खेळातला दिवस सकाळी सहाला उजाडतो आणि रात्री दोनला संपतो. हे वीस तास आपल्या घड्याळात 14 मिनिटांत सरतात. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पळताना सतत दिसते, दुकान संध्याकाळी पाचला बंद होते आणि बुधवारी उघडतच नाही. ‘संथ आहे’ एवढ्या भरवशावर खेळायला बसलेली आई पहिल्याच दिवशी धांदलून जाईल आणि हे आपल्याला जमत नाही असा निष्कर्ष काढून मोबाइल ठेवून देईल. चूक तिची नसेल, पत्राची असेल.

संथ आहे ते नुकसान. पहिल्या आठवड्याचा हिशेब मांडला की हे नीट कळते. खेळाडूला सुरुवातीला 500 नाणी आणि पार्स्निपच्या बियांची 15 पाकिटे मिळतात. पार्स्निप म्हणजे गाजरासारखे पांढरट कंदमूळ. अंगातली ताकद 270 अंशांची असते. कुदळीचा एक घाव घालायला दोन अंश लागतात आणि एका रोपाला पाणी द्यायलाही दोनच. पंधरा चौकोन खणून, पेरून, शिंपून झाले तरी 60 अंशच खर्च होतात. सुरुवातीच्या झारीत चाळीस वेळा शिंपण्याइतके पाणी मावते, म्हणजे ती पुन्हा भरावी लागत नाही. एवढ्याशा वावरात कावळेही उतरत नाहीत, त्यामुळे बुजगावण्याची घाई नसते. वसंताच्या पहिल्या तारखेला पेरलेले पीक रोज पाणी मिळाले तर पाच तारखेला तयार होते. नग 35 नाण्यांना जातो, म्हणजे पंधरा नगांचे 525.

समजा, तीन तारखेला आई पाणी द्यायला विसरली. रोप मरत नाही. त्या दिवसापुरते वाढायचे थांबते आणि पीक पाचऐवजी सहा तारखेला येते. पाऊस पडला तर पाणी घालायचे कामच नाही, आणि उद्या पाऊस आहे की नाही ते घरातला टीव्ही आदल्या दिवशी सांगतो. रात्री दोनपर्यंत ती घरी पोचली नाही तर चक्कर येऊन पडते. गाठीच्या नाण्यांपैकी दहावा हिस्सा जातो, तोही फार तर हजारापर्यंत, आणि सकाळी ती आपल्या अंथरुणात जागी होते. खेळताना कुकरची शिट्टी झाली किंवा दारात कोणी आले तर सामानाची पिशवी उघडायची, की घड्याळ थांबते. घरातल्या बाईचे काम दिवसातून दहा वेळा तुटते, हे मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते. पत्रात लिहायला हवे ते हेच: ‘आई, तू मधेच उठलीस तरी इथे काही करपत नाही.’

या खेळाविरुद्ध पहिला आक्षेप जुन्या अनुभवातून येतो. 2009 मध्ये फेसबुकवर आलेला ‘फार्मविल’ अनेक घरांत खेळला गेला. तिथे वेळ खऱ्या घड्याळाप्रमाणे चाले. पेरलेले वेळेत काढले नाही तर ते वाळून जाई, म्हणून माणसे मोबाइलला गजर लावून उठत. शेतीचे खेळ मागे लागतात, हा ग्रह तिथूनच झाला आणि त्या खेळापुरता तो रास्त होता. स्टारड्यूमध्ये खेळ बंद केला की जगही थांबते. आई आठ दिवस लग्नघरी राहून आली, तरी शेत तिने सोडले त्याच सकाळी उभे असते. एकदा विकत घेतल्यावर जाहिराती नाहीत आणि बियांसाठी खरे पैसेही मागितले जात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिने पाऊस हुकलेला पाहिला, कांद्याचा भाव पडलेला पाहिला, तिच्यापुढे शेतीचा खेळ ठेवणे ही थट्टा नव्हे काय? मुलाने ‘तुला शेतीची आवड आहेच’ असे लिहिले, तर आहे. या खेळातली शेती खरी नाही. एक पार्स्निप विका की हजार, भाव पडत नाही. कर्ज नाही, अडत नाही, गारपीट नाही. शेतीतली मेहनत आणि जोखीम वजा केल्यावर जे उरते तेवढेच यात आहे: केव्हा पेरायचे याचा विचार. ऋतू 28 दिवसांचा असतो आणि तो पालटला की वसंतातली पिके एका रात्रीत मरतात. फ्लॉवरला 12 दिवस लागतात, म्हणून तो सोळा तारखेपर्यंत पेरला तरच अठ्ठावीसला हाती येतो. सतराला पेरलेला वाया जातो. रोप उशिरा वाढले तर खेळ क्षमा करतो, पेरणीची तारीख चुकली तर करत नाही. जिच्या घरात मृगाकडे डोळे लावून बसत, तिला ही मोजणी शिकवावी लागणार नाही. संगणकावर वाढलेल्या मुलापेक्षा ती इथे लवकर सरस ठरेल.

काही भाग तिला मानवणार नाहीत, आणि पत्रात ते लपवू नयेत. मासेमारीत पट्टी वरखाली नाचणाऱ्या माशासोबत ठेवायची असते. नवख्या बोटांना ते सहज जमत नाही. खाणीत जीवजंतूंशी मारामारी आहे. दोन्ही बाजूला ठेवूनही पिके, गाईकोंबड्या आणि गावातल्या माणसांची ओळख यांवर खेळ पुढे सरकतो, फक्त अवजारे सुधारायला लागणारा धातू हळू जमतो.

खरी अडचण भाषेची आहे. खेळ बारा भाषांत आहे, पण त्यांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. अक्षरे बारीक आहेत, आणि गावकऱ्यांचे बोलणे समजले नाही तर अर्धा खेळ मुका राहतो. ही उणीव पत्राने भरून निघत नाही, शेजारी बसूनच निघते. खेळातला पहिला आठवडा म्हणजे 98 मिनिटे. म्हणून अशा पत्रात शेवटी खेळाची दुकानातली किंमत लिहू नये. मुलगा घरी कोणत्या तारखेला येणार आहे, ते लिहावे.