सकाळचा चिकटलेला डोळा आणि दुपारचा रुमाल

पावसाळ्यात बिडकीनच्या कुठल्याही दवाखान्यात बसलं तरी डोळ्यांच्या रुग्णाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, सकाळी डोळाच उघडंना, पार चिकटून बसला होता." दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. पू झालाय, तेव्हा अँटिबायोटिकचे थेंब लिहून द्या. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर मारलेली ही उडी बहुतेक वेळा चुकीची असते, कारण सकाळी डोळा चिकटला एवढ्यावरून आजार कोणता ते कळत नाही.

जागेपणी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. त्या प्रत्येक मिटण्याबरोबर डोळ्यातला ओलावा, धूळ आणि चिकट स्राव नाकाकडच्या कोपऱ्यात सरकतो आणि तिथल्या बारीक नळीतून नाकात उतरतो. झोपेत पापण्यांची ही हालचाल थांबते, अश्रूही कमी होतात. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण सुजलेलं असेल तर त्यातून रात्रभर पाझरणारा स्राव पापण्यांच्या केसांवर साचतो आणि वाळतो. ही सूज विषाणूची असो, जिवाणूची असो की ॲलर्जीची, चिपडं तिन्हींत धरतात. म्हणून मी सकाळचं ऐकून घेतो आणि विचारतो, "डोळा धुतल्यावर पुढं काय झालं? दुपारी रुमालावर काय आलं?"

सातवीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. आदल्या दिवशी सकाळी डावा डोळा चिकटला, त्या दिवशी उजव्यातही खुपायला लागलं. आई म्हणाली, "लई घाण येतीया हो." रुमाल पाहिला तर तो नुसता ओला होता, पिवळा डाग कुठंच नव्हता. सकाळची चिपडं काढल्यावर दिवसभर डोळ्यातून पाणीच गळत होतं. चार दिवसांपासून सर्दी होती, घसाही धरला होता. कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्यापाशी बोटानं दाबलं तर डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागली आणि मुलगी कळवळली. मग एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातले बारीक आकडे वाचायला लावले. दोन्ही डोळ्यांनी तिनं नीट वाचले. उजेडाकडे पाहतानाही फार त्रास नव्हता.

आधी एक डोळा आणि एक-दोन दिवसांत दुसरा, पाण्यासारखा स्राव, सोबत सर्दी किंवा घसादुखी, कानापुढे दुखरी गाठ. ही खूण विषाणूची. जंतुनाशक थेंबांनी विषाणू मरत नाही, म्हणून मी ते दिले नाहीत. गार पाण्याच्या घड्या आणि डोळा ओला ठेवणारे साधे थेंब एवढंच लिहिलं. आईला आधीच सांगून ठेवलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी डोळा आणखी लाल दिसेल, तेव्हा घाबरून दुसरं औषध सुरू करू नका. पूर्ण उतरायला एक ते दोन आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी मेडिकलमधून कुठलीतरी बाटली घेऊन जातो.

असा विषाणू किती वेगानं पसरतो ते महाराष्ट्रानं जुलै 2023 मध्ये आळंदीत पाहिलं. काही दिवसांतच तिथं दोन हजारांहून जास्त जणांचे डोळे आले, त्यात वसतिगृहांत राहणारी मुलं मोठ्या संख्येनं होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत एन्टेरोव्हायरस सापडला. हा विषाणू शिरल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळा लाल करतो, म्हणून त्याची साथ एकदम भडकते. दुसरा नेहमीचा विषाणू ॲडेनोव्हायरस. तो पाच ते बारा दिवस दबा धरून बसतो. त्या मुलीच्या घरी आठव्या दिवशी आजीचा डोळा लाल झाला. तोवर मुलीचे डोळे बरेच निवळले होते, त्यामुळे आजीला कुठून लागण झाली हे घरात कोणाच्या ध्यानातच येईना.

जिवाणूच्या डोळ्याचा रुमाल वेगळा दिसतो. स्राव घट्ट असतो, पिवळा किंवा हिरवट. मुख्य म्हणजे तो परत येतो. धुऊन स्वच्छ केलेल्या डोळ्याच्या कडेला थोड्याच वेळात पुन्हा पू दिसतो, आणि दुपारच्या झोपेतून उठल्यावर पापण्या परत चिकटलेल्या असतात. खाज मात्र फारशी नसते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल डोळ्यांच्या रुग्णांचा स्राव प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा साधारण एक तृतीयांश रुग्णांतच जिवाणू निघाले. सकाळी दोन्ही डोळे चिकटलेले असतील तर जिवाणूची शक्यता वाढत होती आणि खाज असेल तर कमी होत होती. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता. लहान मुलांत जिवाणूचं प्रमाण जास्त असतं, म्हणून बालवाडीतलं पोर दिवसभर पिवळ्या पुवानं माखलेले डोळे घेऊन आलं तर मी जंतुनाशक थेंब देतो. दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा. फरक दिसला म्हणून थेंब मध्येच सोडायचे नाहीत, आणि दिसला नाही तर परत दाखवायचं. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू दिसला तर घरी काहीच करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपणात आईकडून आलेले काही जंतू बाळाचं बुबुळ फार लवकर खराब करतात.

ॲलर्जीची ओळख एका लक्षणात आहे, ती म्हणजे खाज. दोन्ही डोळे एकदम खाजतात, पापण्या सुजतात, शिंका येतात. स्राव पांढरा आणि तारेसारखा निघतो, कोपऱ्यातून ओढला की लांब दोरा येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पाच ते पंधरा वर्षांची पोरं, त्यातही मुलगे, असे डोळे चोळत येतात. मराठवाड्याचं कोरडं ऊन, रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, पावसानंतर माजणारं गाजरगवत, सगळंच त्याला निमित्त होतं. हा डोळा कोणाला लागत नाही, तेव्हा या पोरांना शाळेतून घरी पाठवायचं कारण नाही. मात्र चोळणं थांबवलं पाहिजे. वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होतं आणि पुढं टोकदार बनतं, मग नजर चष्म्यानंही नीट होत नाही. गार घड्या, बाहेरून आल्यावर स्वच्छ पाण्यानं डोळे धुणं आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

आता घराकडे येऊ. त्या मुलीच्या घरात सात माणसं आणि दोरीवर एक टॉवेल. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे सकाळी बादलीत हात बुडवून सगळे तोंड धुणार. विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही. पाणी कमी असलं तरी चालतं, फक्त बादलीत हात घालायचा नाही. तांब्यानं ओतून घ्यायचं, आणि ओतणारा दुसरा असला तर उत्तम. आजारी माणसाचा टॉवेल, उशीची खोळ आणि रुमाल वेगळे ठेवायचे, रोज गरम पाण्यात साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचे. आईनं पदरानं एका पोराचा डोळा पुसून त्याच पदरानं दुसऱ्याचं नाक पुसायचं नाही. काजळाची डबी मधल्या काळात बंद, आणि आजारी डोळ्याला लागलेली टाकूनच द्यायची.

चिपडं काढायची रीत अशी. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं. हात साबणानं धुवायचे. कापसाचा बोळा भिजवून मिटलेल्या पापणीवर मिनिटभर ठेवायचा म्हणजे खपली सुटते. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा टाकून द्यायचा. दुसऱ्या पुसण्याला दुसरा बोळा, दुसऱ्या डोळ्यालाही वेगळा. शेवटी पुन्हा हात धुवायचे. थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, आणि एकाची बाटली दुसऱ्यानं वापरायची नाही. हळदीचं पाणी, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नये.

आजीचं म्हणणं होतं, "म्या पोरीच्या डोळ्यात बघितलं म्हणून मला आले." नुसतं बघून डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्यानं आजाऱ्याला उजेड टोचत नाही आणि हात डोळ्याकडे जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. संसर्ग जातो हातातून. मुलीनं डोळा पुसला, तोच हात दाराच्या कडीला, मोबाइलला लागला आणि तिथून आजीच्या बोटांवर गेला. ॲडेनोव्हायरस अशा कोरड्या वस्तूंवर कित्येक दिवस टिकतो. कोरोनात सॅनिटायझरची सवय लागली, पण कोरोनाच्या विषाणूचं चरबीचं वेष्टन अल्कोहोल फोडतं. डोळ्यांच्या या दोन्ही विषाणूंना तसं वेष्टनच नसतं, म्हणून सॅनिटायझर त्यांच्यावर कमी पडतो. इथं साबण लावून वीस सेकंद हात चोळून धुणंच जास्त भरवशाचं. डोळ्यातून पाणी गळतंय तोवर मुलांना शाळेत पाठवू नये, आणि घरातली ही शिस्त दोन आठवडे तरी पाळावी.

काही लाल डोळे मात्र डोळे येण्याचे नसतातच. उसाचं पान लागलं, कापसाची वाळकी पऱ्हाटी टोचली आणि त्यानंतर एकच डोळा लाल झाला, खोल दुखतोय, उजेड सहन होत नाही, पुसल्यावरही धूसर दिसतंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, तर ती बुबुळाची जखम असू शकते आणि तिच्यात बुरशी वाढू शकते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा दुखरा लाल डोळाही असाच धोक्याचा. अशा वेळी थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा, जवळ कोणी नसेल तर संभाजीनगरला घाटीत जावं.

अशाच डोळ्याचा घात घरातली जुनी बाटली करते. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि ते अनेकदा जंतुनाशकाच्या जोडीला एकाच बाटलीत असतं. त्यानं लाली एका दिवसात उतरते, म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांतही फिरतं. लाली उतरली तरी बुरशी किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू आत वाढतच राहतो. ॲलर्जीची पोरं तर खाज थांबते म्हणून तेच थेंब महिनोन्‌महिने घालतात. त्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर गरजेपुरतं स्टेरॉइड देतात तेव्हा ते किती दिवस घालायचं हे ठरवून देतात आणि मध्ये दाब तपासतात. आज घरातल्या थेंबांच्या बाटल्या एकदा उजेडात धरून वाचा. यांतलं नाव असलेली आणि सध्या कोणा डॉक्टरानं चालू न ठेवलेली बाटली टाकून द्या. बाकीच्यांचंही झाकण उघडून महिना झाला असेल तर त्याही टाका.