परांची उतरवायची कधी?

गवंड्याचा हात उंचावर पोचावा म्हणून घराला परांची बांधतात आणि काम झालं की ती सोडतात. वर्षानुवर्षं परांची लटकलेलं घर दिसलं, तर काम कुठेतरी अडलंय हे कुणीही ओळखेल. मग आपल्या रविवारच्या मराठी शाळेत हे का ओळखू येत नाही? पहिल्या वर्षी देवनागरी ओळीखाली रोमन अक्षरं लिहून देणं, ही मदत झाली. चौथ्या वर्षीही तोच कागद देत असू, तर मुलाची नजर देवनागरीवर ठरतच नाही. तरी आपण अभिमानाने सांगतो, "आम्ही स्कॅफोल्डिंग करतो." माझा आक्षेप या वाक्याला आहे.

हा शब्द शिक्षणशास्त्रात रुजला तो १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखामुळे. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि शिकवणारी व्यक्ती मूल अडेल तेवढाच हात देत होती. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाची 'झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट' ही कल्पना त्याहून जुनी. त्याचं उदाहरण असं: दोन मुलं एकेकटी आठ वर्षांच्या मुलाइतकीच गणितं सोडवतात. थोडी मदत मिळाली की एक नऊ वर्षांच्या पातळीपर्यंत जातं, दुसरं बारापर्यंत. एकट्याने जमतं ते आणि मदतीने जमतं ते, यांमधलं अंतर म्हणजे हा झोन. तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि रोज सरकतो. मग वर्गभर एकच कागद वर्षभर वाटणं हे त्या कल्पनेच्या नेमकं उलट नाही का?

खरं स्कॅफोल्डिंग कसं दिसतं, ते अ‍ॅनमरी पालिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहावं. अमेरिकेतली सातवीची मुलं होती. शब्द बऱ्यापैकी वाचत, पण अर्थ लागत नसे. एक परिच्छेद वाचायचा आणि चार गोष्टी करायच्या: प्रश्न विचारायचा, सारांश सांगायचा, अडलेलं स्पष्ट करायचं, पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. आणि हे करवून घेणारी 'बाई' पाळीपाळीने मुलांनीच व्हायचं.

त्यात चार्ल्स या नावाने नोंदलेला एक मुलगा आहे. पहिल्या दिवशी विषारी सापांवरच्या उताऱ्यावर त्याला प्रश्नच करता येईना. बाईंनी आधी नुसतं विचारलं. जमेना, तेव्हा 'का'ने सुरू होणारा प्रश्न कर असं सुचवलं. तरी जमेना, तेव्हा अख्खा प्रश्न तयार करून दिला, आणि तो नीट म्हणायलाही त्याला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. अकराव्या दिवशी त्याने स्वतः प्रश्न केले, फक्त दोन एकात गुंफले होते. एका वेळी एकच विचार, एवढंच बाईंनी सांगितलं. पंधराव्या दिवशी शास्त्रज्ञ अभ्यासासाठी दक्षिण ध्रुवावर का जातात, हा नेमका प्रश्न त्याने कुणाच्या मदतीशिवाय विचारला.

यात उतारे सोपे केले नव्हते, ते सातवीच्याच पातळीचे राहिले. कमी होत गेली ती बाईंची मदत. आपण नेमकं उलट करतो: मुलाला कायम सोपा उतारा देतो आणि मदतही तेवढीच ठेवतो.

"आमच्याकडे आठवड्याला जेमतेम दोन तास असतात," असं स्वयंसेवक शिक्षक म्हणतील. अडचण खरी आहे. पण रोमन ओळ काढायला जास्तीचा वेळ लागत नाही. या महिन्यात फक्त जोडाक्षरांच्या शब्दांखाली ठेवा, पुढच्या महिन्यात फक्त नव्या शब्दांखाली. मूल अडखळलं तर तेवढ्यापुरती परत द्या. वाढवता-कमी करता येते म्हणूनच ती परांची.

एक मर्यादा मात्र विसरू नये. चार्ल्सचा धडा अक्षरं वाचता येणाऱ्या मुलांसाठी होता. 'विद्यार्थ्याच्या'पाशी थबकणाऱ्या मुलीला सारांश विचारून काही साधणार नाही. आपली मुलगी कुठे अडते हे कळायला साधी युक्ती आहे: तोच परिच्छेद तिला वाचून दाखवा. ऐकून समजला, तर अडचण लिपीत आहे, अक्षरांवर काम करा. ऐकूनही समजला नाही, तर शब्दसंग्रह आणि अर्थ यांवर. दोघींना एकच मदत देणं म्हणजे चुकीच्या भिंतीला बांबू लावणं.

म्हणून पुढच्या पालकसभेत "आम्ही स्कॅफोल्डिंग करतो" असं कुणी म्हणालं, तर एकच विचारा: यातला कोणता बांबू या महिन्यात निघाला, आणि मूल त्याशिवाय काय वाचू लागलं? उत्तर नसेल, तर त्या कागदाला स्कॅफोल्डिंग म्हणणं आपण थांबवायला हवं.