डेपोचा माल विक्रीच्या भावानेच धाडावा

गटावरच्या खत डेपोला नफा झाला की तोटा, हा प्रश्न गटसभेत हटकून निघतो. आम्ही पडलो ऊस विकासाची माणसे, हिशेबनीस नव्हे. पण खताच्या चिठ्ठ्या आमच्या हातून जातात, म्हणून चार शब्द लिहितो.

मुख्य कचेरीच्या वहीत प्रत्येक डेपोचे एक शाखा खाते असते. धाडलेला माल आणि खर्चाला दिलेले पैसे नावे पडतात. आलेला भरणा, सभासदांकडील येणे आणि शिल्लक माल जमा होतो. आमचे मत असे की माल खरेदीच्या नव्हे, विक्रीच्या भावाने नावे टाकावा.

समजायला सोपे आकडे घेऊ. १००० पोती धाडली. खरेदी २०० रुपये, विक्री २२० रुपये. म्हणजे नावे २,२०,०००. रोखीचा भरणा १,५४,००० आला, उधारी ४४,००० झाली. राहिले २२,०००, म्हणजे गोदामात १०० पोती हवीत. मोजली तर ९५! पाच पोत्यांची तूट कचेरीत बसूनच कळली. हाच माल खरेदीभावाने २,००,००० धरला असता, तर वजाबाकी २,००० उरली असती आणि त्यावरून पोती किती हवीत हे कुणालाच कळले नसते.

मात्र या भावात न मिळालेला नफाही मिसळलेला असतो. म्हणून वर्षअखेर धाडलेल्या मालावरचे पोत्यामागे २० रुपये, म्हणजे २०,०००, जमा करून काढतात आणि शिल्लक ९५ पोत्यांवरचे १,९०० उलट नावे टाकतात. विकलेल्या ९०० पोत्यांचा नफा १८,०००. त्यातून खर्च ६,००० आणि तुटीची खरेदी किंमत १,००० गेली की खरा नफा ११,००० उरतो. खात्याची बाकीही नेमकी तेवढीच निघते.

तूट म्हणजे लगेच चोरी नव्हे, बरं का. पोते फाटते, ट्रक वाटेत असतो. हंगामात भाव बदलला आणि त्याच दिवशी शिल्लक मोजून फरक वहीत घेतला नाही, तरीही खोटी तूट किंवा वाढ दिसते.

खरी गफलत उधारीत होते. खताचे पैसे ऊसबिलातून कापले जातात ते मुख्य कचेरीत; डेपोला त्याचा पत्ता नसतो. कपातीची सूचना गेली नाही, तर डेपोच्या वहीत शेतकरी बाकीदारच राहतो आणि पुढच्या लागणीला आमच्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, पैसे तर कापले की हो!" तो खरेच बोलत असतो. कापलेली रक्कम डेपोचा भरणा समजून शाखा खात्यात जमा करावी आणि सभासदांची नावनिशीवार यादी त्याच पंधरवड्यात डेपोवर धाडावी. ती यादी आमचे गटमदतनीस मोटारसायकलवरून पोचवायला तयार आहेत.