आधी ग्लाइड की आधी गिरकी?

गोळाफेकीतला पुरुषांचा विश्वविक्रम रायन क्राउझरच्या नावावर आहे. २०२३ मध्ये त्याने २३.५६ मीटर गोळा फेकला, तोही गिरकी घेऊन. २०१६ पासूनची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकंही त्याचीच. मोबाइलवर त्याच्या फेकी पाहून मैदानावर आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी गिरकी शिकायची असते. सर मात्र म्हणतात, "आधी ग्लाइड." यातलं बरोबर कोणाचं?

आधी मुलाची बाजू ऐकू. वर्तुळाचा व्यास जेमतेम २.१३५ मीटर. ग्लाइडमध्ये गोळ्याला एका सरळ रेषेतच वेग द्यावा लागतो. गिरकीत तेवढ्याच जागेत गोळा लांबचा वळणदार रस्ता कापतो आणि कमरेला आलेला पीळ शेवटी हातात उतरतो. आज पुरुषांमधले बहुतेक अव्वल गोळाफेकपटू गिरकीच घेतात. शिवाय ग्लाइडची सवय पुढे आडवीही येते. ग्लाइडमध्ये पावलांमधलं अंतर जास्त असतं, गिरकीत ते कमी लागतं. ग्लाइडमध्ये उजवा पाय टेकला की ढकलायला लागतो, गिरकीत तो टेकल्यावरही फिरतच राहावा लागतो. पाच वर्षं घोटलेली सवय मोडणं सोपं नसतं.

आता सरांची बाजू. महिलांचा विश्वविक्रम १९८७ पासून नताल्या लिसोव्स्कायाच्या नावावर आहे: २२.६३ मीटर, ग्लाइडने. उल्फ टिमरमनने १९८८ मध्ये ग्लाइडनेच २३.०६ मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम केला. दोन वर्षांनी रँडी बार्न्सने गिरकीने तो विक्रम मोडला, पण अवघ्या सहा सेंटीमीटरनी. म्हणजे ग्लाइड काही कच्चं तंत्र नव्हे. पण सरांचा खरा मुद्दा विक्रमांचा नाही, चूक सापडण्याचा आहे.

दोन्ही तंत्रं शेवटी एकाच ठिकाणी येतात: पॉवर पोझिशन. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय वर्तुळाच्या मध्यावर, गुडघा वाकलेला, भार त्याच पायावर. डावा पाय स्टॉप बोर्डपाशी. गोळा मानेला टेकलेला आणि खांदे अजून मागेच वळलेले. इथून आधी कंबर वळते, मग छाती, सगळ्यात शेवटी हात. नवशिक्याचं नेमकं उलटं होतं: डावा खांदा आधीच उघडतो, भार पुढच्या पायावर जातो आणि गोळा नुसत्या हाताने ढकलला जातो.

ग्लाइडमध्ये ही चूक बाजूला उभं राहून दिसते. मूल पाठमोरं खाली बसतं, डावा पाय स्टॉप बोर्डकडे झोकतं, उजवा पाय जमिनीलगत ओढून अंगाखाली आणतं. तिथे सरांनी 'थांब' म्हटलं की भार कुठे आहे ते लगेच कळतं. टेपही सांगतो. समजा, जागेवरून उभ्याने ८.५० मीटर जातो आणि ग्लाइडने ८.६०. याचा अर्थ सरकण्यातून मिळालेला वेग शेवटच्या ढकलण्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी ग्लाइड वाढवण्याऐवजी अर्ध्या वेगाने करून पॉवर पोझिशन दुरुस्त करायची. गिरकीत हीच चूक शोधणं कठीण जातं, कारण तिचं मूळ बहुधा वर्तुळाच्या मागच्या टोकाला असतं. डाव्या पायावर तोल येण्याआधीच खांदा फिरला, तर पुढचं सगळं बिघडतं: डावा पाय उशिरा टेकतो, गोळा मानेपासून सुटतो, नाहीतर थेट सेक्टरच्या बाहेर पडतो. पाहणाऱ्याला मात्र फक्त शेवटचा फाउल दिसतो.

मैदानाचा प्रश्नही आहेच. आपल्याकडे कित्येक शाळांत मातीवर चुन्याने वर्तुळ आखलेलं असतं. मातीत पाऊल रुततं आणि गिरकी घेताना गुडघा पिळला जातो. सिमेंटचं गुळगुळीत वर्तुळ नसेल, तिथे गिरकीचा हट्ट धरू नये. ग्लाइडही मातीत अडखळतो, पण निदान शिकता येतो.

दोन्ही बाजू तोलल्या तर पारडं ग्लाइडकडे झुकतं, पण मुक्काम ठोकण्यासाठी नव्हे. आधी उभ्याने फेक, मग ग्लाइड आणि पहिल्याच हंगामात गोळा न घेता गिरकीची पावलं, असा क्रम असावा. म्हणजे सवय घट्ट होण्याआधीच पायाला फिरणं कळतं. ग्लाइडची फेक उभ्या फेकीपेक्षा सातत्याने मीटरभर पुढे जाऊ लागली, की पॉवर पोझिशन अंगवळणी पडली असं समजावं आणि हलका गोळा घेऊन गिरकी करून पाहावी. त्यानंतर ज्या तंत्राने जास्त फेकी वैध ठरून लांब जातील, ते त्याचं.

याला अपवाद एकच: थाळीफेक करणारं मूल. डाव्या पायावर तोल धरून वर्तुळात शिरणं त्याला आधीच येतं. सिमेंटचं वर्तुळ आणि बाजूला डोळस शिक्षक असेल, तर त्याला ग्लाइडमध्ये वर्षभर अडकवणं म्हणजे येत असलेली गोष्ट विसरायला लावणं होय. त्याने उभ्या फेकीनंतर थेट गिरकीलाच लागावं.