परवानगी हातात, वाट मात्र बंद

फौजदारी खटला प्रलंबित असला म्हणजे नागरिकाचा परदेशगमनाचा हक्क नष्ट होतो, असा समज नोकरशाहीने मुद्दाम रुजू दिला आहे. तो खोटा आहे. 1978 साली मनेका गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क घटनेच्या कलम 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी न्यायालयात खटला चालू असता पासपोर्ट नाकारता येतो, हे खरे. पण केंद्र सरकारच्या 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेने त्याला वाटही ठेवली आहे. खटला चालविणाऱ्या न्यायालयाने परवानगी दिल्यास, बोलावताच हजर राहण्याच्या हमीपत्रावर पासपोर्ट मिळतो.

समजा, इंदूरच्या एका कामगारावर संपकाळातील निदर्शनांवरून आरोपपत्र दाखल आहे आणि त्याची मुलगी शारजात बाळंत होणार आहे. त्याने ज्या न्यायालयात खटला आहे तेथेच अर्ज करावा. अर्जात जाण्या-येण्याच्या तारखा, तेथील पत्ता, प्रवासाचे कारण आणि आजवर प्रत्येक तारखेस हजर राहिल्याचा दाखला द्यावा. मधली सुनावणी वकिलामार्फत चालेल, आपल्या ओळखीस हरकत घेतली जाणार नाही, असेही लिहावे. जामिनाच्या अटीनुसार पासपोर्ट न्यायालयात जमा असेल, तर तो परत देण्याची मागणी त्याच अर्जात हवी.

येथेच बहुतेकांचा घात होतो. आदेशात पासपोर्टची मुदत किंवा प्रवासाचा कालावधी यांपैकी काहीच नमूद नसेल, तर अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट अवघ्या एका वर्षाचा मिळतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा वकिलाची फी, पुन्हा बुडालेली मजुरी. म्हणून पासपोर्टची मुदत आदेशात स्पष्ट लिहून मागावी.

दुसरा अडसर लुकआउट नोटिशीचा. ती न्यायालय नव्हे, तर बहुधा पोलीस किंवा तपासयंत्रणा काढवून घेते, आणि विमानतळावर अडविले जाईपर्यंत संबंधितास तिचा पत्ताही नसतो. न्यायालयाने प्रवासास परवानगी दिली म्हणजे नोटीस आपोआप रद्द होत नाही. ती काढविणाऱ्या यंत्रणेने इमिग्रेशन विभागास कळवावे लागते. यास्तव, 'नोटीस असल्यास या कालावधीपुरती स्थगित करावी व इमिग्रेशनला कळवावे' असा निर्देश आदेशातच मागावा, प्रमाणित प्रत तपास अधिकाऱ्यास देऊन पोच घ्यावी आणि दुसरी प्रत प्रवासात जवळ बाळगावी.

जानेवारी 2015 मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना दिल्ली विमानतळावर अडविण्यात आले. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती नोटीस रद्द केली. पण लंडनमधील खासदारांपुढे साक्ष देण्याची त्यांची वेळ तोवर निघून गेली होती. न्याय मिळाला, पण विमान गेल्यावर. ज्यास उच्च न्यायालय गाठण्याची ऐपत नाही, त्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही. म्हणून नोटिशीची कारणांसह लेखी प्रत काढतानाच देणे, आणि अपवादात्मक प्रकरणी ती रोखावयाची झाल्यास न्यायालयाची संमती घेणे, हे कायद्यानेच बंधनकारक झाले पाहिजे.